यादीतलं पहिलं नाव

बंदी घातलेल्या औषधांची सरकारी यादी कुणी हौसेनं वाचत नाही. मी वाचली, कारण मावशी मरता मरता वाचली होती. २३ जुलै १९८३ च्या अधिसूचनेपासून ती यादी सुरू होते आणि पहिल्या क्रमांकावर नाव आहे अमिडोपायरीन. तापाची, अंगदुखीची गोळी. त्या नावाचा मागोवा काढण्यात माझी दोनेक वर्षं गेली.

मावशी सिडकोत राहते. थायरॉइड वाढल्यामुळे तिला कार्बिमाझोल सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. ऑक्टोबरात ताप आला, घसा धरला. पाऊस सरताना संभाजीनगरात घरोघरी कुणीतरी तापलेलं असतंच; आम्हीही ‘व्हायरल असेल’ म्हणून दोन दिवस पॅरासिटामॉल दिलं. थायरॉइडची गोळी अर्थातच न चुकता चालू. तिसऱ्या दिवशी तिला थुंकीही गिळवेना, तेव्हा कुठे रक्त दिलं.

रिपोर्टात एकूण पांढऱ्या पेशी १,८००. हे पाहून घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: डेंग्यू. पण हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठणठणीत होते, आणि खालच्या ओळीत न्यूट्रोफिल ४ टक्के. १,८०० चे ४ टक्के म्हणजे ७२. निरोगी माणसात हा आकडा सहसा दीड हजाराच्या वर असतो. पाचशेच्या खाली गेला की धोका, शंभराच्या खाली तर जीवावरचं. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी उतरतात, पण फक्त न्यूट्रोफिल असे धुऊन निघत नाहीत. घशात पांढुरके व्रण होते, पू मात्र नव्हता. पू होतो तो मेलेल्या न्यूट्रोफिलांचा. इथे मरायलाही कुणी उरलं नव्हतं.

नेमकं हेच चित्र १९२२ मध्ये बर्लिनच्या वेर्नर शुल्त्स यांनी नोंदवलं होतं: बहुतेक मध्यमवयीन बायका, सडलेला घसा, तीव्र ताप, रक्तात न्यूट्रोफिल नाहीत. कारण सापडायला बारा वर्षं लागली. १९३४ मध्ये मिलवॉकीच्या मॅडिसन आणि स्क्वायर या डॉक्टरांनी रुग्णांची औषधं तपासली, तर जिथेतिथे अमिडोपायरीन. बऱ्या झालेल्या दोघांना त्यांनी तीच गोळी पुन्हा दिली आणि पेशी पुन्हा कोसळल्या. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण त्यातून एक भयंकर गोष्ट कळली. घसा दुखतो, ताप येतो म्हणून लोक जी गोळी वाढवत होते, तीच आजाराचं मूळ होती.

१९५२ मध्ये झुरिचला मोश्लिन आणि वाग्नर यांनी आणखी पुढची पायरी गाठली. या औषधाचं वावडं असलेल्या रुग्णाला ते दिलं, काही तासांनी त्याचं रक्त निरोगी माणसांना चढवलं, आणि त्यांच्याही पांढऱ्या पेशी घटल्या. म्हणजे औषध नुसतं विषासारखं काम करत नव्हतं. रक्तातच पेशींविरुद्ध काहीतरी तयार झालेलं होतं.

कार्बिमाझोलचंही बहुधा असंच आहे. जंतू मारण्यासाठी न्यूट्रोफिल जी रसायनं वापरतो, त्यांनीच तो औषधाचं एक चिकट, उपद्रवी रूप बनवतो. ते पेशीला चिकटतं आणि शरीर आपल्याच पेशीला परकं समजून मारतं; अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशीही सुटत नाहीत. तांबडी पेशी १२० दिवस जगते, न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम दिवसभर. कारखाना थांबला की पहिलं कोठार त्याचंच रिकामं होतं. म्हणून हे इतकं अचानक घडतं, आणि म्हणूनच महिन्याला एकदा केलेल्या तपासणीवर विसंबता येत नाही: सोमवारी ठीक असलेला आकडा शनिवारपर्यंत तळाला जाऊ शकतो. हजारात दोन ते पाच जणांना हे होतं, बहुतेकांना पहिल्या तीन महिन्यांत.

रिपोर्ट आला त्याच तासाला मावशीची गोळी बंद झाली. शिरेतून अँटिबायोटिक, मज्जेला चालना देणारी इंजेक्शनं. नवव्या दिवशी न्यूट्रोफिल हजारावर आले. कार्बिमाझोल तिला आता आयुष्यभर वर्ज्य. जोडीची दुसरी गोळी, प्रोपिलथायोयुरासिल, तीही नको, कारण तिच्यानंही हेच होऊ शकतं. पुढे रेडिओआयोडीन घेतलं.

अमिडोपायरीनचं भावंड अ‍ॅनाल्जिन मात्र आपल्याकडे टिकलं. जून २०१३ मध्ये सरकारनं त्याची विक्री थांबवली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अटी घालून पुन्हा खुली केली. माझ्या मते ती पुन्हा खुली करण्याचा निर्णय चुकला.

मावशीला गोळी लिहून देताना तापाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. तुमच्या घरी कुणी कार्बिमाझोल घेत असेल तर पाकिटावर पेनानं लिहून ठेवा: ताप आला किंवा घसा दुखला, तर पुढची गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांना फोन आणि त्याच दिवशी सीबीसी, डिफरन्शियलसकट.