गेट बंद, तरी गेट उघडं

भोसरीतल्या एका लहान कारखान्यातलं प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन आठवडाभर मधूनच थांबत होतं. पडद्यावर एकच अलार्म: सेफ्टी गेट उघडं आहे. गेट तर घट्ट बंद. रीसेट दाबलं की मशीन पुन्हा चालू, आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बंद. दिवसपाळीने गेटचा स्विच दोनदा बदलला होता. शेवटी कुणीतरी सुचवलं, स्विचवर वायरचा तुकडा टाकून तो बायपास करा.

रात्रपाळीच्या टेक्निशियनने आधी ऑपरेटरलाच विचारलं, "नेमकं कधी थांबतं रे?"

"दादा, साचा धाडकन बंद होतो ना, तेव्हाच. पण दर वेळी नाही."

म्हणजे धक्का. गेटच्या स्विचपासून निघालेली २४ व्होल्टची वायर मशीनखालच्या जंक्शन बॉक्समधून कंट्रोल पॅनेलमध्ये जाते. वाटेत कुठेही क्षणभर तुटली, तर पीएलसीला गेट उघडल्यासारखंच दिसणार. मग स्विच कितीही नवा असो.

त्याने मीटर लावलं. बझर सलग वाजला. इथेच पुष्कळ जण फसतात. थांबलेल्या मशीनमध्ये सैल वायरही टेकलेलीच असते, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती ती सुटली तरी साध्या मीटरला पत्ता लागत नाही. पीएलसी मात्र तेवढ्यात अलार्म देऊन मोकळी होते.

मग त्याने मशीनच्याच अलार्मला साक्षीदार केलं. पंपाची मोटर बंद, फक्त कंट्रोल सप्लाय चालू. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने स्विचवर टकटक केली: काही नाही. केबलवर: काही नाही. जंक्शन बॉक्सवर मारताच पडद्यावर अलार्म उमटला.

मेन स्विच बंद करून त्याने कुलूप घातलं, बॉक्स उघडला आणि एकेक वायर हलकेच ओढून पाहिली. १४ नंबरची वायर हातातच आली. टोकाला लग नव्हता. वर कहर म्हणजे, वायर सोलताना तांबं कमी उघडं केल्यामुळे स्क्रूखाली तांब्याऐवजी बरंचसं आवरणच दाबलं गेलं होतं. असा स्क्रू हाताला घट्ट लागतो. पण प्लास्टिक हळूहळू दबतं, पकड ढिली होते, आणि मग दर धक्क्याला तार जागा सोडते.

टोक कापून, नव्याने सोलून, लग क्रिम्प करून त्याने स्क्रू आवळला. शेजारच्या वायरीही ओढून पाहिल्या, त्यातली आणखी एक सैल निघाली. पुन्हा टकटक केली. अलार्म आला नाही.

बायपासचं काय झालं असतं? तुकडा स्विचपाशी पडला असता आणि सैल टर्मिनल त्याच्या पुढे, त्यामुळे मशीन थांबतच राहिलं असतं. आणि गेट उघडून कुणी आत हात घातला असता, तर साचा थांबला नसता.

पहाटेपर्यंत मशीन एकदाही थांबलं नाही. लॉगबुकात नोंद झाली: "टर्मिनल १४ सैल. लग लावला." काढलेले दोन्ही जुने स्विच तपासले, ते चांगलेच होते. ते स्टोअरला परत गेले.