दुसऱ्या लाखाचा हिशोब

ऑक्टोबर २०१२ मध्ये फेसबुकने मोबाइलवर ॲप इन्स्टॉलच्या जाहिराती सुरू केल्या. पुढची काही वर्षं या धंद्यात पहिला प्रश्न असायचा, इन्स्टॉल केवढ्याला पडलं? स्वस्तात आणेल तो हुशार. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आपल्याकडे डाउनलोडचे आकडे फुगले.

त्या स्वस्ताईत भेसळही होती. कुणी स्वतःहून ॲप उतरवत असताना त्याच्या फोनमधलं भलतंच ॲप ऐन वेळी खोटी क्लिक नोंदवून श्रेय लाटायचं. क्लिकनंतर दोन-तीन सेकंदांत ॲप उघडलेलं दिसलं की समजायचं, पाणी मुरतंय. तेवढ्यात ॲप उतरतच नाही.

हळूहळू हिशोब तुकडीने मांडायची पद्धत रुळली. एका आठवड्यात आलेले लोक म्हणजे एक तुकडी. तिच्यावर किती घातले आणि तिने किती दिले, एवढंच बघायचं. समजा, जाहिराती दाखवून कमावणारा एक खेळ आहे आणि इन्स्टॉल १० रुपयांना पडतं. शंभरातले ३५ जण दुसऱ्या दिवशी परत येतात, आठवड्याने १२, महिन्याने ५. या हजेरीची रोजची बेरीज केली, तर माणशी महिन्यात सरासरी चार दिवस आणि सहा महिन्यांत आठ दिवस खेळ होतो. खेळाच्या दिवसाला दीड रुपया सुटत असेल, तर महिन्याअखेरीस ६ रुपये हाती येतात, सहा महिन्यांनी १२. म्हणजे घातलेले १० रुपये वसूल व्हायलाच जवळपास चार महिने लागतात. तेवढे दिवस पैसा अडकवायची ऐपत हवी. कागदावर नफ्यात दिसणाऱ्या कितीतरी मोहिमा इथेच धापा टाकतात.

खरी फसगत पुढे होते. एक लाखात १०,००० इन्स्टॉल आले म्हणून बजेट दुप्पट केलं आणि सरासरी दर १३ वर गेला. तीनच रुपये वाढले, असं वाटतं. पण दोन लाखांत आले सुमारे १५,४००. म्हणजे दुसऱ्या लाखाने आणले जेमतेम ५,४००, प्रत्येकी साडेअठरा रुपयांना! त्यांच्याकडून सहा महिन्यांत येणार फार तर १२.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयओएस १४.५ आणून माग काढण्यासाठी वापरणाऱ्याची परवानगी सक्तीची केली. कुठल्या जाहिरातीतला माणूस पुढे किती देतो, हे तिथे धूसर झालं. या बदलाने २०२२ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज मेटाने त्या फेब्रुवारीत सांगितला. तेव्हापासून जुनीच युक्ती पुन्हा कामाला आली आहे: एखाद्या राज्यात दोन आठवडे जाहिरात थांबवायची आणि तरीही किती जण येतात ते मोजायचं. फुकट येणाऱ्यांना मोहिमेच्या खात्यात धरलं की दर खोटाच स्वस्त दिसतो.

वरचा खेळ माझ्या हातात असता, तर मी पहिल्या लाखावर थांबलो असतो.