वीज गेली, टाकी हरवली

वीज जाऊन आली की पंखा-फ्रिज मुकाट्याने सुरू होतात. मोबाइलच्या डॅशबोर्डवर मात्र गच्चीतल्या टाकीची पातळी दिसायची तिथे `unavailable` असं येतं. सेन्सर चालू असतो, वाय-फायलाही जोडलेला असतो. त्याचा पत्ता तेवढा बदललेला असतो, आणि डॅशबोर्ड जुन्याच दारावर थापा मारत बसतो.

राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. कोणाला कोणता पत्ता दिला, ही नोंद अनेक घरगुती राउटरांत वीज गेली की पुसली जाते. नुसता राउटर बंद-चालू केला तर चालू असलेली उपकरणं बहुतेकदा जुनाच पत्ता मागून घेतात. पण सगळ्या घराची वीज गेली तर छोट्या सेन्सरलाही आपला पत्ता आठवत नाही. मग जो आधी जागा होईल त्याला आधी पत्ता. कालचा सेन्सरचा `192.168.1.37` आज प्रिंटरकडे जातो, आणि डॅशबोर्ड प्रिंटरला पाण्याची पातळी विचारू लागतो!

उपाय राउटरच्या पानावरच असतो. तिथे डीएचसीपीच्या भागात `Address Reservation` किंवा तत्सम नावाची सोय शोधा. जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून सेन्सरचा मॅक पत्ता घ्या, त्यापुढे `192.168.1.20` लिहा, जतन करा आणि सेन्सर एकदा बंद-चालू करा. सेन्सरमध्येच आयपी कायमचा टाकून ठेवण्यापेक्षा हे बरं. तसं केलं तर राउटरला त्याचा पत्ता नसतो आणि तो तोच क्रमांक दुसऱ्यालाही देऊ शकतो.

मॅक पत्ता मात्र पक्का हवा. डॅशबोर्डसाठी भिंतीवर जुना अँड्रॉइड टॅब लावला असेल आणि त्यालाही पत्ता राखून ठेवायचा असेल, तर वाय-फाय सेटिंगमध्ये यादृच्छिक मॅकऐवजी उपकरणाचा मूळ मॅक निवडा. लॅपटॉपचे वायरचे आणि वाय-फायचे मॅक वेगळे असतात, हेही ध्यानात ठेवा.

क्रमांक लक्षात ठेवणं कटकटीचं वाटत असेल तर नाव द्या. बरेच सेन्सर `taki.local` असं नाव स्वतःच घरच्या नेटवर्कवर जाहीर करतात. राउटरमध्ये नाव नोंदवता येत असेल तर `taki.home.arpa` लिहा. `home.arpa` हे घरगुती जाळ्यासाठीच राखून ठेवलेलं आहे. पाहुण्यांच्या वाय-फायवरून `.local` नाव सहसा सापडत नाही. फोनमध्ये `Private DNS` साठी बाहेरचा पुरवठादार लिहिलेला असेल, तर फोन राउटरला विचारतच नाही आणि राउटरमधलं नाव निरुपयोगी ठरतं.

खात्री करायला लॅपटॉपवर टाइप करा:

```
ping taki.home.arpa
```

उत्तर `192.168.1.20` वरून आलं की मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि सगळं जागं झाल्यावर तेच टाइप करा. राउटर बदललात तर नोंदी पुन्हा कराव्या लागतील. म्हणून त्या पानाचा फोटो काढून ठेवा.