डेसिबलपुढचा ‘ए’ आणि वाकलेली वारंवारता

फटाक्यांच्या आवाजाची भारतातली कायदेशीर मर्यादा १९९९ च्या अधिसूचनेतून आली: फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डीबी(एआय) किंवा १४५ डीबी(सी) शिखर. यातला ‘ए’ हा एक फिल्टर आहे. कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रवणवक्रांवरून मापकातही तीच कमतरता मुद्दाम आणली गेली. पुढे मापक डिजिटल झाले, तरी मानकातला वक्र मात्र अ‍ॅनालॉगच राहिला. त्यामुळे मापकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला जुन्या सर्किटचे वागणे संख्यांच्या गणितात उतरवावे लागते. एरवी पाठ्यपुस्तकात दोन पानांत उरकणारा बायलिनियर ट्रान्सफॉर्म इथे नीट कसाला लागतो.

मूळ सर्किट तसे साधे आहे. त्याचे सहाही पोल वास्तव आहेत, म्हणजे केवळ रेझिस्टर आणि कपॅसिटर यांनी ते बांधता येते, कॉइल लागत नाही. २०.६ हर्ट्झला दोन पोल, १०७.७ आणि ७३७.९ हर्ट्झला प्रत्येकी एक, १२,१९४ हर्ट्झला पुन्हा दोन; शून्य वारंवारतेवर चार झिरो. १ किलोहर्ट्झला उत्तर बरोबर ० डेसिबल यावे एवढा गुणक लावला की वक्र पूर्ण झाला.

हे डिजिटलमध्ये आणण्याचा सरळ वाटणारा मार्ग म्हणजे सर्किटच्या आवेग-प्रतिसादाचे नमुने घेणे. पण वरच्या टोकाला हा वक्र अष्टकामागे फक्त १२ डेसिबलने उतरतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर २४ किलोहर्ट्झच्या पलीकडे बरेच काही शिल्लक असते आणि ते दुमडून खालच्या पट्ट्यात येते. बायलिनियर ट्रान्सफॉर्ममध्ये ही घडी पडतच नाही. वक्राखालचे क्षेत्रफळ समलंब चौकोनांनी मोजावे, तसे सर्किटमधले प्रत्येक समाकलन तो मोजतो. नियंत्रण-अभियंते याला टस्टिनची पद्धत म्हणतात, कारण अर्नोल्ड टस्टिन या ब्रिटिश अभियंत्याचा त्यावरचा निबंध १९४७ चा आहे. फिल्टर-रचनेत ती रुळवण्यात बेल लॅब्जच्या जेम्स कायझर यांचा १९६० च्या दशकातला वाटा मोठा. कृती एका ओळीची: सर्किटच्या सूत्रात जिथे `s` आहे तिथे हे घालायचे.

```
s  = 2*fs*(z - 1)/(z + 1)
fa = (fs/pi)*tan(pi*fd/fs)
```

दुसरी ओळ पहिलीतूनच निघते, आणि सगळी गंमत तिच्यात आहे. `fd` ही डिजिटल फिल्टरची वारंवारता; तिथे फिल्टर जे उत्तर देतो, ते मूळ सर्किट `fa` वर देत असते. शून्यापासून अनंतापर्यंतचा अ‍ॅनालॉग अक्ष शून्यापासून २४ किलोहर्ट्झमध्ये एकदाच, न दुमडता बसवला जातो. स्थिर सर्किटातून स्थिर फिल्टरच मिळतो. किंमत एवढीच की वरच्या टोकाला अक्ष फार आवळला जातो.

किती, ते पाहू. डिजिटल १ किलोहर्ट्झला फरक नगण्य. १० किलोहर्ट्झला आपण खरे तर ११,७२४ हर्ट्झचे उत्तर वाचत असतो. १६ किलोहर्ट्झला `tan` चा कोन ६० अंश होतो आणि `fa` २६,४६४ हर्ट्झवर जातो. वक्राने तिथे −६.७ डेसिबल द्यायला हवेत, फिल्टर −१३.१ देतो. २० किलोहर्ट्झला −९.३ ऐवजी −२५.२. आणि २४ किलोहर्ट्झला उत्तर थेट शून्य, कारण मूळ सूत्रात अनंताला असलेले दोन झिरो आता `z = -1` वर येऊन बसले आहेत. आलेखाच्या उजव्या टोकाला असा कडा दिसला की कारण शोधत बसायला नको.

यावर पुस्तकी उपाय प्रीवॉर्पिंगचा: रूपांतराआधीच पोल थोडा वर सरकवायचा, म्हणजे आवळल्यावर तो बरोबर जागी पडेल. कट-ऑफ एकच असलेल्या लो-पास फिल्टरला हे चोख लागू पडते. ८ किलोहर्ट्झचा बटरवर्थ फिल्टर प्रीवॉर्पिंगशिवाय ७,३७० हर्ट्झलाच कापू लागतो. प्रीवॉर्पिंग केले की ३ डेसिबलचा बिंदू नेमका ८,००० वर येतो. त्यामुळे अनेक जण ए-भारणातही डोळे मिटून तेच करतात: १२,१९४ चा पोल १५,६७२ हर्ट्झवर नेतात.

निकाल मिश्र येतो. १२,१९४ हर्ट्झला हे टोक अचूक जुळते. १६ किलोहर्ट्झला −९.७ मिळतात, म्हणजे चूक ६.४ वरून ३ डेसिबलवर येते. पण प्रीवॉर्पिंग एकच बिंदू जुळवते, अक्षाचा वाक काही सरळ करत नाही. आधी ५ किलोहर्ट्झला चूक ०.१ डेसिबलहूनही कमी होती. आता तिथे मापक जवळपास अर्धा डेसिबल जास्त दाखवतो, १० किलोहर्ट्झला ०.६ जास्त. माझ्या मते हा तोट्याचा सौदा आहे. ध्वनिमापकाच्या मानकात १६ किलोहर्ट्झपाशी खालच्या बाजूची सूट बरीच सैल आहे, तर ५ किलोहर्ट्झपाशी ती घट्ट आहे, आणि तिच्यातला वाटा मायक्रोफोनलाही लागतो. जिथे चूक परवडते तिथली कमी करून जिथे परवडत नाही तिथे वाढवायची, याला अर्थ नाही.

त्यापेक्षा पोल आहे तिथे ठेवून नमुन्यांचा दर ९६,००० करावा. `tan` चा कोन निम्मा होतो. १६ किलोहर्ट्झची चूक १.१ डेसिबलवर आणि २० किलोहर्ट्झची सुमारे २ वर येते, तीही प्रीवॉर्पिंगविना. गणना दुप्पट होते, पण सहा पोलांच्या फिल्टरला ती आजच्या चिपवर जाणवतही नाही.

दर वाढवण्याचा खरा त्रास दुसऱ्या टोकाला, २०.६ हर्ट्झच्या जोडपोलापाशी होतो. ४८,००० च्या दरालाच हे दोन्ही पोल `z = 0.99731` वर असतात, म्हणजे १ पासून जेमतेम ०.००२७ अंतरावर. त्या जोडीचा छेद असा:

```
1 - 1.9946142 z^-1 + 0.9946214 z^-2
```

तिन्ही सहगुणकांची बेरीज फक्त ०.०००००७२५, म्हणजे त्या अंतराचा वर्ग. आता १६ बिटांच्या चिपवर सहगुणक १/१६,३८४ च्या पटीत गोल केले की −३२,६८० आणि १६,२९६ मिळतात. त्यांत १६,३८४ मिळवा: बेरीज चक्क शून्य. याचा अर्थ एक पोल नेमका १ वर जाऊन बसला आणि दुसरा ०.९९४६ वर, सुमारे ४१ हर्ट्झला. १ वरचा पोल तिथल्याच एका झिरोला खाऊन टाकतो, त्यामुळे चारऐवजी तीनच झिरो उरतात आणि २० हर्ट्झखालचा उतार चौथ्या भागाने कमी होतो. शिवाय त्या पोलात साठलेली गोलाईची चूक पुसली जात नाही. मायक्रोफोन काढून इनपुट शून्य केले तरी आउटपुट एखाद्या स्थिर आकड्यावर अडकून राहते. दोष ओळखण्याची हीच सर्वांत सोपी खूण. ९६,००० च्या दराला ०.००२७ चे अंतर निम्मे होते आणि ती बेरीज चौथाईवर येते, म्हणून तिथे सहगुणकांना ३२ बिट द्यावेच लागतात. सहाही पोल एकाच लांब सूत्रात गुंफू नयेत. दोन-दोन पोलांचे तीन तुकडे करून एकामागे एक जोडावेत. मग २०.६ च्या जोडीला हवी तेवढी अचूकता देता येते आणि १२,१९४ ची जोडी १६ बिटांतही निभावते.