कैरीच्या लोणच्याचं लेबल

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने: कैरी, तेल, मीठ, मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हळद, हिंग.

अ‍ॅलर्जी: खरी गोम हिंगात. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणून डबीवरचे घटक वाचून ‘गहू’ लिहावाच. मोहरीही बाधते, युरोपात ती ठळक छापणं सक्तीचं आहे. तेल शेंगदाण्याचं असेल तर नुसतं ‘खाद्यतेल’ लिहून भागत नाही.

टिकाऊपणा: किलोभर फोडींना सुमारे दोनशे ग्रॅम मीठ आणि वर बोटभर तेल असेल, तर वर्षभर. तेलाबाहेर उघड्या पडलेल्या फोडींवर बुरशी येते. ती खरवडून खालचं लोणचं वाढू नये, बरणीच टाकावी.

साठवण: काचेची कोरडी बरणी, कोरडा चमचा.