वाघापुढे पंधरा मिनिटं

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात माझी भाची सर्पोद्यानात काच बडवत होती, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. वय वर्षं पाच. एरवी मुंगीलासुद्धा वाट करून देणारी मुलगी, पण त्या क्षणी दोन्ही तळहातांनी काचेवर धपाधप मारत होती आणि "ए, हल ना!" म्हणून ओरडत होती. मी तिला रागावले. घरी आल्यावर दिवस आठवून पाहिला, तेव्हा चूक तिची नव्हतीच हे लक्षात आलं. रविवार, जेवून एक वाजता आत शिरलेलो, दीड तास नुसतं चाललेलो, आणि "सगळं दाखवायचंच" या हट्टापायी मी तिला एकेका खंदकापुढून ओढत नेलेलं. ती पार दमली होती. दमलेल्या मुलाला प्राणी दिसत नाही, त्याला काहीतरी घडायला हवं असतं. मग ते काच बडवतं, खडा टाकतं, ओरडतं. मुलांचं दमणं आणि प्राण्यांचा छळ यांचा संबंध मला तेव्हा कळला.

कात्रजचं हे उद्यान सुमारे १३० एकरांवर पसरलेलं आहे. त्यातला मोठा भाग तलावाचा असला, तरी उरलेली चाल पाच वर्षांच्या पायांना पुष्कळ असते. म्हणून वेळ ठरवताना एकर मोजायचे नाहीत, प्राणी मोजायचे. पुढच्या खेपेला भाची आणि तिचा नऊ वर्षांचा दादा, दोघांना आदल्या रात्री विचारलं की कोणाला भेटायचं. चारच नावं घ्यायची, हा नियम. वाघ, अस्वल, शेकरू आणि साप ठरले. एकेकापुढे पंधरा मिनिटं, म्हणजे एक तास. मधलं चालणं चाळीस मिनिटं, बसून खाणं वीस मिनिटं, दोनदा स्वच्छतागृह पंधरा मिनिटं. सव्वादोन तास झाले. सकाळी उघडल्याउघडल्या आत गेलो आणि बाराच्या आत बाहेर पडलो. (बुधवारी जाऊ नका, उद्यान बंद असतं. आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं हे देशभरच्या प्राणिसंग्रहालयांना नियमानेच बंधनकारक आहे.) सकाळ निवडली ती फक्त उन्हासाठी नव्हे. वाघ-बिबटे दिवसाचा मोठा भाग झोपून काढतात. सकाळच्या गारव्यात ते हिंडताना दिसण्याची शक्यता अधिक असते.

दारातला नकाशा पाहून सर्वांत लांबचा प्राणी आधी घ्यावा आणि तिथून दाराकडे सरकत यावं. उलट केलं की मूल नेमकं दारापासून सर्वांत लांब असताना बसकण मारतं. बॅटरीवरच्या गाडीने जाणार असाल तर मध्ये कुठे उतरता येतं ते तिकीट घेतानाच विचारा, आणि तिचा उपयोग शेवटी नव्हे, आधी करा.

मुलं "दमलो" असं क्वचितच म्हणतात. आधी प्रश्न थांबतात. मग पाय घासत चालणं सुरू होतं, "उचलून घे" येतं, आईस्क्रीमची आठवण होते. काही मुलं एकदम सैरावैरा पळू लागतात. त्याला आपण उत्साह समजतो आणि आणखी दोन पिंजरे दाखवतो. माझा अनुभव असा, की प्रश्न थांबले की दहा मिनिटांत सावलीत बसवावं. पाणी आणि एखादा लाडू पोटात गेला की बहुतेक वेळा प्रश्न परत येतात. बसूनही आले नाहीत, तर राहिलेला प्राणी पुढच्या वेळी.

थकव्याचं आणखी एक कारण आपल्या नजरेत येत नाही, कारण आपण उंच असतो. बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली 'संग्रहालयातला थकवा' या विषयावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तू पाहायला लावून त्याचे फोटो काढले होते. वाकणं, मान वळवणं, डोळे ताणणं यानेच माणूस थकतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला उकिडवं बसून पाहा. कठडा नाकासमोर येतो, पुढे मोठ्यांच्या पाठी. अशा जागी पंधरा मिनिटं टाचा उंचावण्यापेक्षा, कठडा बुटका असेल किंवा जाळी खालपर्यंत असेल ती बाजू शोधावी.

आता प्राण्याकडे. साप काचेमागे निपचित दिसतो आणि त्याला पापण्या नसल्याने तो झोपलाय की जागा, हेही कळत नाही. त्याला बाहेरचे कान नाहीत, पण आतला कान जबड्याशी जोडलेला असतो. काचेवरची थाप त्याच्या अंगाखालच्या लाकडातून, जमिनीतून थेट जबड्यात पोचते. हे दादाला सांगितलं तेव्हा त्याने टेबलावर हनुवटी टेकवली आणि बहिणीला दुसऱ्या टोकाला बोटाने टकटक करायला लावलं. त्यानंतर दोघांपैकी कोणाचाही हात काचेला लागलेला नाही.

प्राणी सुखात आहे का, हा मुलांचा प्रश्न हमखास येतो आणि तो टाळू नये. परगावच्या एका प्राणिसंग्रहालयात आम्ही एक अस्वल पाहिलं होतं. आठ पावलं पुढे, भिंतीपाशी मान एका बाजूला झुलवून वळणं, आठ पावलं मागे. भाचीला वाटलं ते नाचतंय. आम्ही फेऱ्या मोजल्या. वीस झाल्या तरी वळायची जागा बदलली नाही. तिथली माती घासून गुळगुळीत झाली होती. जंगलातलं अस्वल दिवसाचे कितीतरी तास वारुळं उकरतं आणि वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसल्याने पडलेल्या फटीतून वाळवी ओढून घेतं. ते काम काढून घेतलं की उरतात त्या या फेऱ्या. पण एवढ्यावरून लगेच निवाडा देऊ नये. खाण्याची वेळ जवळ आली की धडधाकट प्राणीही दाराशी येरझाऱ्या घालतो. काही अस्वलं मदाऱ्यांकडून सोडवून आणलेली असतात आणि जुनी सवय चांगल्या जागेतही सुटत नाही. म्हणून आवारातही पाहावं. उकरायला माती आहे का, पोकळ ओंडका, चढायला झाड, आणि लोकांच्या नजरेआड होता येईल असा आडोसा? "प्राणी दिसतच नाही" ही आपली तक्रार पुष्कळदा त्या आडोशाबद्दल असते, आणि तो असणं हीच चांगल्या आवाराची खूण आहे.

कोणी वेफर्स टाकत असेल तर भांडत बसू नका, जवळच्या सुरक्षारक्षकाला सांगा. प्राण्यांना खायला घालणं, चिडवणं, गोंगाट करणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

त्या दुसऱ्या खेपेला वाघ झोपलेलाच होता. लोक येत होते, "झोपलाय" म्हणत फोटो काढून पुढे जात होते. आम्ही बसलो. बाराव्या मिनिटाला असेल, त्याने मान पलीकडे वळवली आणि भाचीने माझा हात घट्ट धरला.

"मावशी," ती अगदी हळू म्हणाली, "त्याच्या कानांच्या मागे पांढरे ठिपके आहेत. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं.