ढीग तापतो कुठे, सडतो कुठे

पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासक्रमात आम्हांला एका खतप्रकल्पाला भेट देऊन अहवाल लिहायचा होता. आम्ही गेलो तो प्रकल्प एका नगरपालिकेचा. घंटागाडीतून आलेला ओला कचरा तिथे काट्यावर मोजतात, यंत्राने भरडतात आणि फरशीवर ओतून हाताने निवडतात. मग त्याचे माणसापेक्षा थोडे उंच, लांबट ढीग लावतात. या ढिगांना तिथले कामगार ‘विंड्रो’ म्हणतात. आठवड्याला जेसीबीने ढीग पालटायचा, महिना-दीड महिन्याने ट्रॉमेल या फिरत्या चाळणीतून माल काढायचा, काही दिवस मुरवायचा आणि पोती भरायची, असा क्रम.

या पद्धतीचे मूळ इंदूरचे आहे. १९२० च्या दशकात अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथे शेतातला पालापाचोळा आणि शेण थरांनी रचून, ठरावीक दिवसांनी पालटून खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली त्यावर निघालेल्या पुस्तकात सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. त्या रीतीत सुका काडीकचरा भरपूर असे. आम्ही पाहिलेल्या ढिगांत नेमका तोच नव्हता, आणि तिथल्या बहुतेक अडचणी मला त्यातूनच निघालेल्या दिसल्या.

चांगला ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. हवेवर जगणारे जिवाणू कचरा खाताना ही उष्णता सोडतात आणि तिनेच रोगजंतू व तणाचे बी मरते. आम्ही लांब दांड्याचा तापमापक पालटून आठवडा झालेल्या ढिगात खुपसला, तर पारा चाळिशीच्या आसपासच रेंगाळला. खणल्यावर आतला माल काळपट, चिकट निघाला आणि कुजक्या अंड्यांचा वास आला. हा वास म्हणजे आत हवा पोचत नाही याची खूण. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला असता, तर नत्र वाया जाते आहे असे म्हटले असते. मूठभर माल दाबला तर बोटांमधून पाण्याची धार लागली. योग्य ओल असेल तर फार तर एखादा थेंब सुटतो.

भाजीबाजाराच्या आणि घरगुती ओल्या कचऱ्यात सुमारे पाऊण भाग पाणीच असते. ढिगाला ५०-६० टक्के ओल पुरते. त्याहून जास्त झाली की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. हिशेब अवघड नाही. एक टन कचऱ्यात ७५० किलो पाणी धरा. त्यात १० टक्के ओलीचा सुका पाला ३०० किलो मिसळला, तर एकूण १३०० किलोंत पाणी ७८० किलो होते, म्हणजे बरोबर ६० टक्के. पाल्यातला कर्बही कामी येतो. भाजीच्या कचऱ्यात नत्राच्या मानाने कर्ब कमी असतो. पाल्याने ते प्रमाण २५-३० कर्बास एक नत्र या हव्या त्या पट्ट्याच्या आसपास जाते. कल्चरच्या बाटल्यांवर खर्च होताना पाहिला, पण हवा नसेल तर कल्चर तरी काय करणार?

विशेष म्हणजे त्याच गावात बागेतला पाला झाडून जाळतात. पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, कचरा मात्र बारा महिने येतो, म्हणून पाला साठवायला कोरडी शेड लागेल. ढिगांवर तर छप्परच नव्हते. पावसाळ्यात काय होत असेल, ते कडेच्या नालीत साचलेल्या काळ्या पाण्यावरून कळत होते. ते पाणी कोरड्या ढिगावर शिंपडता येते, पण इथे कोरडा ढीगच नव्हता.

दुसरी अडचण पोती भरण्याची. माल हाताला गरम लागत असतानाच पोती शिवत होते. असे अर्धवट कुजलेले खत शेतात जाऊनही कुजतच राहते, त्यासाठी मातीतले नत्र ओढून घेऊ शकते आणि पीक पिवळे पडते. एकदा असे झाले की तो शेतकरी पुन्हा खत मागायला येत नाही. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टमध्ये कर्ब-नत्र प्रमाण २० पेक्षा कमी हवे आणि ९० टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत एक साधी चाचणी करता येते: ओलसर खत पिशवीत बंद करून काही दिवस ठेवायचे. उघडल्यावर आंबूस वास आला, तर ते अजून मुरलेले नाही. खताच्या निवळीत मेथी किंवा मोहरी भिजवून, साध्या पाण्यातल्या बियांशी उगवण ताडून पाहणे हा दुसरा मार्ग.

काचेचे आणि प्लास्टिकचे तुकडे खतात दिसले ते निवडीआधीच कचरा भरडल्यामुळे. एकदा भरडलेली काच चाळणीतूनही सुटते. भरडयंत्र निवडीच्या फरशीपलीकडे हलवले, तर निदान तेवढे तरी टळेल.

अहवालात मी प्रकल्पाला तीन गोष्टी सुचवल्या आहेत: पाला जाळणे थांबवून तो शेडमध्ये साठवणे, प्रत्येक ढिगाला पाटी लावून रोजचे तापमान वहीत नोंदवणे आणि पिशवीची चाचणी झाल्याशिवाय पोते न शिवणे. नवे यंत्र यात एकही नाही. पैसे छपरालाच लागतील, आणि नगरपालिकेने पुढच्या पावसाळ्याआधी ते घालावेच.